चालत्या लोडिंगवर वाचता येईल असं लिहायचं कसं

इंदूरमध्ये टिफिनचा धंदा वाढला की पहिल्यांदा स्कूटर अपुरी पडते, मग घरासमोर एक लोडिंग उभी राहते. मागे बंद डबा असलेल्या तीनचाकीला आपल्याकडे सगळे लोडिंगच म्हणतात. गाडी आली की आठवड्याभरात घरातलं कुणीतरी माझ्या दुकानात येतं आणि म्हणतं, "भाऊ, गाडीवर सगळं लिहून द्या." माझी गाडी त्या "सगळं" शब्दापाशीच अडते. मी गेली बरीच वर्षं प्लॉटरवर अक्षरं कापतो. त्याआधी वडील ब्रशने पाट्या रंगवायचे. उभ्या पाटीवर चालतं ते धावत्या गाडीवर का चालत नाही, हे मला उशिराच कळलं, आणि तेसुद्धा स्वतःच केलेल्या एका चुकीतून.

ती चूक आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. सुदामानगरच्या एका काकूंचा टिफिनचा धंदा. त्यांच्या लोडिंगच्या मागच्या दारावर मी मोठ्या हौसेने "घरचं भोजन" असं लिहिलं होतं. जाड, गोलसर अक्षरं, भोवती पांढरी किनार आणि खाली सावली. दुकानात उभ्या गाडीवर ते झकास दिसलं. चार दिवसांनी काकूंचा मुलगा हसत आला. महूनाक्याच्या सिग्नलवर शेजारच्या स्कूटरवाल्याने ड्रायव्हरला विचारलं होतं, "भिया, ये धरचं मोजन क्या होता है?"

तो माणूस चेष्टा करत नव्हता. त्याने जे दिसलं ते वाचलं. घ आणि ध यांच्यातला फरक काय, तर डोक्यावरची रेघ डावीकडे सलग आहे की तुटलेली, एवढाच. भ आणि म यांचंही तसंच. लांबून, हलत्या गाडीवर, जाड अक्षरात ती बारीकशी फट आधी बुजते आणि जोडीतली दोन्ही अक्षरं सारखीच दिसू लागतात. किनार आणि सावली असली की राहिलेली जागाही भरून जाते. आणि दुर्दैव असं की टिफिनवाल्याला सर्वात लाडके असलेले दोन शब्द, घर आणि भोजन, नेमक्या याच अक्षरांनी सुरू होतात. ख ची गत याहून वाईट, तो लांबून सरळ "रव" होतो. म्हणजे "खाना" लिहून सुटका होत नाही.

म्हणून आता कुणी आलं की मी कॉम्प्युटर उघडायच्या आधी त्यांना घेऊन रस्त्यावर जातो. काकूंची गाडी आम्ही दुसऱ्यांदा केली ती याच क्रमाने, तोच क्रम इथे देतो.

पहिलं काम: गाडी कोण, कुठून, किती वेळ बघतं ते बघा

तुमची गाडी रोज ज्या रस्त्याने जाते त्या रस्त्यावर अर्धा तास उभे राहा. काकूंची लोडिंग सुदामानगरातून निघते, अन्नपूर्णा रोडने महूनाक्यावर येते आणि तिथून भंवरकुआच्या कोचिंगवाल्या मुलांच्या हॉस्टेलांकडे जाते. या वाटेवर गाडीकडे बघणारे तीन प्रकारचे लोक आहेत.

एक, मागून येणारे. हे सोन्यासारखे. तुम्ही ताशी ३० किलोमीटरने चाललात तर तेही साधारण तेवढ्याच वेगाने मागे असतात, म्हणजे त्यांच्या दृष्टीने तुमची गाडी जवळपास स्थिरच असते. सिग्नलवर तर मिनिटभर त्यांच्यासमोर तुमच्या मागच्या दाराशिवाय बघण्यासारखं दुसरं काही नसतं. फोन नंबर वाचून लक्षात ठेवायला वेळ मिळतो तो फक्त यांनाच.

दोन, फुटपाथवर किंवा दुकानात उभे असलेले. यांना गाडीची बाजू दिसते. ताशी ३० म्हणजे सेकंदाला सुमारे २७ फूट. माणूस गाडीपासून १५ फुटांवर असेल तर गाडी त्याच्या समोर यायच्या आधीचे १५ फूट आणि नंतरचे १५ फूट, एवढ्याच टप्प्यात बाजूवरची अक्षरं वाचण्यासारख्या कोनात असतात. त्याच्या अलीकडे-पलीकडे ती तिरकी होऊन दबतात. ३० फुटांचा हा टप्पा गाडी एका सेकंदाहून थोड्याच जास्त वेळात पार करते. एका सेकंदात माणूस दोन शब्द वाचतो, फार तर तीन. दहा आकडी नंबर तर नाहीच वाचत.

तीन, समोरून येणारे. त्यांचा वेग आणि तुमचा वेग एकत्र होतो, त्यामुळे त्यांना वाचायला जवळजवळ वेळच नसतो. पुढच्या बाजूला वेळ घालवू नका. देवाचं नाव लिहायचं असेल तर लिहा, ते ग्राहकासाठी नसतंच.

बहुतेक जण बाजूची जागा मोठी म्हणून तिथे मेनू, नंबर, पत्ता, सगळं भरतात आणि मागच्या दारावर उरलंसुरलं टाकतात. नेमकं उलट करायला हवं.

शब्द किती, आणि कुठले

काकूंच्या पहिल्या कागदावर देवाचं नाव, त्यानंतर गृहउद्योग, त्यानंतर भोजनालय, मग "शुद्ध, सात्त्विक, घरगुती", मग दर, दोन नंबर, पूर्ण पत्ता आणि १४ आकडी एफएसएसएआय नंबर होता. तो नंबर स्वयंपाकघरात आणि बिलावर हवाच, पण गाडीच्या पाठीवर तो कुणाच्या उपयोगाचा? तोच प्रश्न मी प्रत्येक ओळीला विचारत गेलो. पत्ता कशाला, डबा तर तुम्हीच नेऊन देता. दोन नंबर कशाला, एक वाचला तरी पुष्कळ. "शुद्ध, सात्त्विक" हे प्रत्येक टिफिनवाला लिहितो, त्यामुळे ते लिहून न लिहिल्यासारखंच.

शेवटी प्रश्न असा उरला, की या गाडीत असं काय आहे जे मागच्या गाडीत नाही? काकू म्हणाल्या, "आमच्याकडे पोळी असते, रोटी नाही. आमटी असते. शनिवारी साबुदाण्याची खिचडी. इथल्या मराठी मुलांना तेच हवं असतं, आणि इतरांनाही आवडतं."

मग "मराठी टिफिन" एवढंच लिहायचं ठरलं. दोन शब्द, तीन-तीन अक्षरं. हे शब्द मराठी माणूसही वाचतो आणि हिंदी माणूसही, लिपी एकच असल्यामुळे भाषांतराची गरज नाही. "मराठी"तल्या म चा भ झाला तरी "भराठी" असा शब्दच नसल्याने डोकं आपोआप बरोबर वाचतं. ट, फ, न ही अक्षरं मोकळी, त्यांच्या पोटात जागा भरपूर. "डबा" हा आपला शब्द मला जास्त आवडला असता, पण इंदूरच्या रस्त्यावर "डबा" वाचून कुणाला जेवण आठवेल याची मला खात्री नाही. इथे टिफिनच चालतं. फिखाली नुक्ता मात्र देऊ नका, हिंदीवाले ड्रायव्हर तसा आग्रह धरतात. लांबून तो ठिपका धुळीच्या डागासारखा दिसतो.

काकूंना आपलं नाव गाळल्याचं वाईट वाटलं. ते आम्ही बाजूला, लहान अक्षरात, डबा उतरवतो त्या ठिकाणी लिहिलं. ग्राहक तिथे उभाच असतो.

गाडी मोजणं

इथे टेप काढा. फोटोवरून डिझाईन करून देणाऱ्याला काम देऊ नका. गाडीत बिजागऱ्या असतात, कड्या असतात, रिबिट असतात, आणि फोटोत ते सगळं साफ गायब असतं.

काकूंच्या लोडिंगच्या डब्याला मागे दोन पल्ल्यांचं दार आहे. एकेक पल्ला २४ इंच रुंद. बाहेरच्या कडेला बिजागऱ्या, मधे कडी, त्यामुळे प्रत्येक पल्ल्यावर खरी वापरायची रुंदी २० इंच उरली. मधली फट हीच खरी अडचण. अक्षर तिच्यावर आलं की दार उघडताना कापलं जातं, आणि बंद असतानाही फटीत धूळ साचून अक्षराला उभी चीर पडते. पण दोन शब्द असल्यामुळे काम सोपं झालं: डाव्या पल्ल्यावर मराठी, उजव्यावर टिफिन. नंबरही तसाच, पाच आकडे इकडे आणि पाच तिकडे. आपल्याकडे मोबाईल नंबर तोंडी सांगताना माणसं असेही पाच-पाच आकड्यांतच सांगतात, म्हणजे फटीने आपलं काम केलं.

आता अक्षर किती मोठं? पाट्यांच्या धंद्यात जुना हिशोब आहे: आरामात वाचायला दर १० फुटांना एक इंच उंची. त्याच्या तिप्पट-चौपट अंतरावरूनही वाचता येतं, पण ते डोळे बारीक करून, थांबून. धावत्या गाडीसाठी पहिला, आरामाचा हिशोबच धरा. पण तो हिशोब रोमन अक्षरांसाठी बनलेला आहे, आणि देवनागरीत उंची कुठून मोजायची यात सगळे फसतात. कॉम्प्युटर शब्दाची उंची सांगतो ती वरच्या वेलांटीच्या टोकापासून खालच्या उकाराच्या टोकापर्यंत. वाचणारा मात्र वाचतो तो शिरोरेघेपासून अक्षराच्या पायापर्यंतचा भाग. नऊ इंचांचा "टिफिन" सांगितलात तर मूळ अक्षर सहा-साडेसहा इंचांचंच निघतं. ऑर्डर देताना "शिरोरेघेपासून खाली इतके इंच" असं बोला.

काकूंच्या पल्ल्यावर "मराठी" हा शब्द साध्या फाँटमध्ये आपल्या अक्षराच्या उंचीच्या पावणेतीन पट लांब येतो, "टिफिन" साधारण तिप्पट. २० इंचांत "टिफिन" बसवायचा तर उंची साडेसहा इंच. "मराठी" सात इंचांपर्यंत गेला असता, पण दोन्ही शब्दांच्या शिरोरेघा एका ओळीत हव्यात आणि उंचीही एक हवी, म्हणून दोन्ही साडेसहा. म्हणजे ६५ फुटांवरून आरामात वाचन. महूनाक्याच्या सिग्नलवर मागे थांबलेल्या चार-पाच रांगा त्यात येतात. नंबराचे आकडे पाच इंच ठेवले, एका पल्ल्यावर पाच आकडे मोकळेपणाने बसले. आकडे इंग्रजीच ठेवा. देवनागरी आकडे मला जिवापाड प्रिय आहेत, पण लोक नंबर फोनवर दाबतात आणि तिथे इंग्रजी आकडे असतात.

उंचीबद्दल एक गोष्ट. मागच्या बाईकवाल्याचं हेल्मेट आणि मागच्या कारचं बोनेट मधे येतं, शिवाय खालच्या दीड फुटावर चिखल उडतो. महत्त्वाचं सगळं त्याच्या वर ठेवा. नंबर खाली आणि शब्द वर हा क्रम बरोबर, पण नंबर नंबरप्लेटला चिकटून नको, नाहीतर लोक दोन नंबर एकत्र वाचतात.

अक्षराचं वळण

जाड म्हणजे लांबून दिसणारं, हा समज फाँट निवडताना बाजूला ठेवा. देवनागरीत रेघ फार जाड केली की घ, भ, ख, ध यांची पोटं आणि गाठी बुजतात. मध्यम जाडीचा, मोकळ्या पोटाचा, सरळ फाँट घ्या. लग्नपत्रिकेसारखे वळणदार फाँट नकोत. किनार नको, सावली नको, तिरकेपणा नको.

आणखी एक खोड दुकानदारांत आहे, इंग्रजी डिझाईनची सवय असलेल्यांत जास्त. शब्द भरदार दिसावा म्हणून ते अक्षरांमधलं अंतर वाढवतात. इंग्रजीत ते चालतं. आपल्याकडे त्याने शिरोरेघ तुटते आणि "मराठी" म-रा-ठी असा तुकड्यांत दिसतो. अंतर वाढवायचं तर दोन शब्दांत वाढवा, शब्दाच्या आत नाही.

तुम्हाला "घर" किंवा "भोजन" लिहायचंच असेल तर काय? लिहा, पण आकार वाढवा आणि घ-भ च्या वरच्या रेघेकडे स्वतः लक्ष द्या. मी आता भ लिहितो तेव्हा शिरोरेघेतली फट फाँटमध्ये असते त्याच्या दुप्पट उघडतो, आणि घ ची रेघ डावीकडे थोडी बाहेर काढतो. जवळून बघणाऱ्याला किंचित विचित्र वाटतं, पण ४० फुटांवरून त्याच फरकाने शब्द वाचला जातो.

रंग: फोन काढा आणि फोटो काळा-पांढरा करा

रंगांवर लोक सर्वात जास्त भांडतात, खरं तर हे काम दोन मिनिटांचं आहे. डिझाईनचा फोटो घ्या आणि फोनमध्ये तो काळा-पांढरा करा. अक्षर आणि मागचा रंग दोन्ही करडे दिसले तर रस्त्यावरही ते एकमेकांत मिसळणार. हिरव्यावर लाल, निळ्यावर लाल, केशरीवर पिवळा, ही टिफिनवाल्यांची आवडती जोडपी या चाचणीत नापास होतात. पांढऱ्यावर काळा, पिवळ्यावर काळा, पांढऱ्यावर गर्द कत्थई हे पास होतात. काकूंच्या गाडीचा डबा पांढराच होता, म्हणून अक्षरं काळी आणि आकडे गर्द लाल. लाल आकड्यांना मी आधी नाही म्हणालो होतो, कारण उन्हात लाल लवकर उडतो. पण काकूंचा हट्ट होता, म्हणून छापील लाल न घेता स्टिकरचं रंगीत व्हिनाईल कापून लावलं. ते छपाईपेक्षा बरंच टिकतं.

थाळीचा फोटो लावू नका. हे वाक्य मला सर्वात जास्त वेळा बोलावं लागतं. चार वाट्या, पोळी, भात, लोणचं हे हातातल्या पत्रकावर सुरेख दिसतं. ३० फुटांवरून तो एक तपकिरी गोळा असतो आणि त्याने अक्षरांची जागा खाल्लेली असते.

संध्याकाळच्या फेरीबद्दल विचारतात, की चमकणारं रेडियम लावू का? अक्षरांना नको. मागच्या गाडीचा हेडलाईट थेट पडला की परावर्तित पांढरी अक्षरं फुगतात, कडा पसरतात आणि आधीच बारीक असलेली पोटं भरून जातात. पांढऱ्या डब्यावरची साधी काळी अक्षरं त्याच हेडलाईटमध्ये नीट वाचता येतात, कारण उजळतो तो मागचा पांढरा रंग. फिटनेससाठी ज्या परावर्तक पट्ट्या लागतात, मागे लाल, पुढे पांढऱ्या, बाजूला पिवळ्या, त्या मात्र जशाच्या तशा ठेवा. डिझाईनखाली त्या झाकल्या तर फिटनेसला गाडी परत येते.

कापायच्या आधी कागद

सर्वात जास्त पैसे वाचवणारी आणि सर्वात जास्त टाळली जाणारी पायरी ही आहे. शब्द आणि नंबर खऱ्या मापात साध्या कागदावर छापून घ्या. मोठा प्रिंट नसेल तर ए-फोर कागद जोडून काढा. ते टेपने दारावर चिकटवा. मग दोन गोष्टी करा.

एक, गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी करून २५ पावलं मागे जा. ओळखीच्या नसलेल्या माणसाला तिथे पाठमोरं उभं करा, वळायला सांगा, दोन सेकंदांनी परत पाठ फिरवायला सांगा, आणि विचारा काय वाचलं. तुमचा भाऊ किंवा ड्रायव्हर उपयोगाचा नाही, त्याला शब्द आधीच माहीत आहे. आमच्या चाचणीत पानवाल्याने "मराठी टिफिन" लगेच सांगितलं, आणि नंबराचे पहिले पाच आकडे चुकीचे सांगितले. तीन आणि आठ एकमेकांत मिसळत होते. आम्ही आकड्यांचा फाँट बदलला. कागदावर हे कळलं म्हणून कागदाचेच पैसे गेले.

दोन, गाडी खरोखर चालवा आणि कुणालातरी मागच्या स्कूटरवर मागच्या सीटवर बसवून फोनवर चित्रण करायला सांगा. गाडी चालवणाऱ्याने नाही, मागे बसलेल्याने. नंतर ते चित्रण थांबवून थांबवून बघा. खड्ड्यावर गाडी उडते तेव्हाही शब्द वाचता येतो का, ते बघा.

लावणं, आणि तेव्हा काय बिघडतं

फ्लेक्स नको. फ्लेक्स रिबिटने ठोकतात, तो वाऱ्यात फडफडतो, महिन्याभरात कोपरे फाटतात आणि डब्याला भोकं पडतात ती वेगळीच. व्हिनाईल घ्या. ते दोन जातींचं मिळतं. साधं, कॅलेंडर्ड, स्वस्त, सपाट पत्र्यावर छान बसतं. दुसरं कास्ट, महाग, वळणावर आणि खोबणीत बसतं. काकूंचं मागचं दार सपाट होतं म्हणून साधं चाललं. पण बहुतेक लोडिंगच्या बाजूच्या पत्र्याला उभ्या खोबणी असतात. साधं व्हिनाईल खोबणीवर ताणून बसवलं की ते आत चिकटलेलं दिसतं, पण दोन उन्हांत परत सरळ होऊ बघतं, खाली हवा धरतं आणि तिथून फाटतं. अशा पत्र्यावर एकतर कास्ट घ्या, किंवा वर एक सपाट पातळ पत्रा रिबिटने बसवून त्यावर लावा. मी दुसरं सुचवतो. गाडी विकली तर पत्रा काढून नव्या गाडीवर नेता येतो.

गाडी नुकतीच रंगवली असेल तर निदान दोन-तीन आठवडे थांबा. ताज्या रंगातून वाफ निघत राहते आणि व्हिनाईलखाली फुगे येतात. ते सुईने फोडले तरी परत येतात.

लावायच्या दिवशी गाडी आधी साबणाने धुवा, मग स्पिरिटने पुसा. टिफिनच्या गाडीवर हातांचं तेल आणि फोडणीची वाफ बसलेली असते, विशेषतः कडीजवळ. तिथे नुसत्या पाण्याने धुतलेल्या पत्र्यावर लावलेलं अक्षर दोन महिन्यांत सुटतं. सकाळी सावलीत लावा. इंदूरच्या मे महिन्यात दुपारचा पत्रा इतका तापतो की व्हिनाईल टेकताच धरतं, वाकडं बसलं तर काढता येत नाही.

आकडे एकेक करून लावणाऱ्या कारागिराला हात जोडा. एकेक आकडा लावताना ६ चा ९ होतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आणि तसा नंबर लागतोही, फक्त दुसऱ्या कुणाच्या घरी. सगळी ओळ ट्रान्सफर टेपवर उचलून एकदम लावा. कागद सोलायच्या आधी त्या ओळीवरूनच वाचत, दुसऱ्या फोनवरून नंबर लावून बघा. घरातला फोन वाजला की मग सोला.

क्यूआर कोड हवा असेल तर मागच्या दारावर नको. तो साधारण स्वतःच्या रुंदीच्या दहापट अंतरावरूनच वाचला जातो, म्हणजे सहा इंची कोड पाच फुटांवरून. धावत्या गाडीमागे पाच फुटांवर यावं लागावं असं काही लिहू नये. डबा उतरवतो त्या बाजूला, छातीच्या उंचीवर लावा. हॉस्टेलची मुलं तिथे रांगेत उभी असतात, त्यांना तो व्हॉट्सॲपसाठी उपयोगी पडतो.

आरटीओकडचं

आरसीत गाडीचा रंग लिहिलेला असतो. दारावर अक्षरं लावली तर रंग बदलत नाही, पण सगळी गाडी दुसऱ्या रंगात गुंडाळली तर बदलतो आणि आरसीत नोंद करावी लागते. नंबरप्लेट, दिवे, परावर्तक पट्ट्या मोकळ्या. मारुती व्हॅन असेल तर मागच्या काचेवर स्टिकर लावायचा मोह होतो. काचांवरच्या काळ्या फिल्मला सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये मनाई केली तेव्हापासून पोलिसांची नजर काचेवर आधी जाते. काच सोडून पत्र्यावरच लिहा. सवारी रिक्षाच्या पाठीवर तुमची जाहिरात लावायची असेल तर तो वेगळा प्रकार आहे: तिचा रंग ठरलेला असतो, गाडी दुसऱ्याची असते, आणि जाहिरातीसाठी आरटीओत आणि महापालिकेत विचारूनच काय ते करा.

लावल्यानंतर

पहिले दोन दिवस गाडी धुऊ नका. नंतर धुताना प्रेशरची नळी अक्षरांच्या कडेवर जवळून धरू नका, पाणी कडेखाली शिरतं आणि तिथून उचकटायला सुरुवात होते. भंवरकुआच्या रस्त्याची धूळ मागच्या दारावर सर्वात जास्त बसते, कारण चालत्या गाडीमागे हवा फिरून ती तिथेच आणून टाकते. काकूंचा ड्रायव्हर रोज सकाळी डबे भरायच्या आधी ओल्या फडक्याने फक्त दाराचे दोन पल्ले पुसतो, बाकी गाडी रविवारी.

आणि नवीन ग्राहकाचा फोन आला की काकू आता एकच विचारतात, "नंबर कुठून मिळाला?" वहीत "गाडी" असं लिहिलेल्या ओळींपैकी बहुतेकांनी सिग्नलवर नंबर पाहिलेला निघाला. बाजूची, एका सेकंदाची, दोन शब्दांची जागा वाचून फोन आला असं अजून तरी कुणी म्हणालेलं नाही. पण हॉस्टेलच्या गेटवरची मुलं गाडी वळताना लांबून ओळखतात आणि "मराठी टिफिन आ गया" असं ओरडतात, हे मी स्वतः ऐकलंय.